वर्तमान मूल्य कोष्टकाचे वाचन

वर्तमान मूल्य कोष्टक म्हणजे पुढे मिळणाऱ्या १ रुपयाची आजची किंमत सांगणारा तक्ता. वर्षाची ओळ आणि वटाव दराचा रकाना जिथे मिळतात, तिथला आकडा हा त्या वर्षाचा गुणक. १० टक्के दराने पहिल्या चार वर्षांचे गुणक ०.९०९, ०.८२६, ०.७५१ आणि ०.६८३ असे उतरत जातात. एकापेक्षा मोठा आकडा दिसला, तर चुकून दुसरेच, बहुधा चक्रवाढीचे, कोष्टक उघडले आहे असे समजावे. दरवर्षी सारखीच रक्कम येत असेल, तर वार्षिकीचे कोष्टक वापरतात. त्यात चार वर्षांचा गुणक ३.१७० आहे.

कोष्टकातले वर्ष म्हणजे त्या वर्षाची अखेर. परीक्षेत गुण जातात ते बहुधा याच ठिकाणी. आज दिलेली रक्कम शून्य वर्षाची, तिचा गुणक १. ‘पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला’ असे शब्द आले, की चौथ्या वर्षाचा गुणक घ्यायचा, कारण ते दोन्ही क्षण एकच आहेत.

समजा, १,००,००० रुपयांचे यंत्र आज घेतले. चार वर्षे दरवर्षी ३०,००० रुपये येतील आणि चौथ्या वर्षाअखेर भंगाराचे १०,००० मिळतील. ३०,००० ला ३.१७० ने गुणले की ९५,१०० येतात. भंगाराची रक्कम एकदाच येते, म्हणून तिला वार्षिकीचा गुणक लावायचा नाही, ०.६८३ ने गुणून ६,८३० मिळतात. बेरीज १,०१,९३०, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य १,९३० रुपये. भंगाराला पाचव्या वर्षाचा ०.६२१ लावला असता, तर हेच उत्तर १,३१० आले असते. उत्तर धनच राहते, त्यामुळे चूक नजरेतून सुटते.

पहिली रक्कम दुसऱ्या वर्षाअखेर येऊन पाचव्या वर्षापर्यंत चालणार असेल, तर पाच वर्षांच्या ३.७९१ मधून फक्त पहिल्या वर्षाचा ०.९०९ वजा करून २.८८२ घ्यावा. अनेक विद्यार्थी इथे दोन वर्षांचा वार्षिकी गुणक वजा करतात आणि दुसऱ्या वर्षाची आवकच गमावतात.

आता पूर्णांकनाचे. वरचे चार गुणक हाताने मिळवले तर बेरीज ३.१६९ येते, वार्षिकीच्या कोष्टकात मात्र ३.१७०. प्रत्येक गुणक तीन दशांश स्थळांपर्यंत आधीच छाटलेला असल्याने हा फरक पडतो, आणि आपल्या उदाहरणात तो ३० रुपयांचा आहे. उत्तरपत्रिकेतला आकडा मित्राच्या आकड्यापेक्षा इतका वेगळा दिसला, तर घाबरून खाडाखोड करू नये. मात्र प्रश्नात गुणक दिलेले असतील तर तेच वापरावेत, गणनयंत्रावर काढलेले ०.६८३०१३ मध्येच मिसळू नये. दिलेला गुणक ०.६८ असा आणखी छाटणेही टाळावे: १० लाखांच्या रकमेवर त्याने ३,००० रुपयांचा फरक पडतो, आणि निव्वळ मूल्य शून्याजवळ असेल तर प्रकल्प घ्यावा की नाही याचा निर्णयच उलटू शकतो.

व्याज सहामाही असेल तर दर निम्मा आणि कालखंड दुप्पट करावेत. वार्षिक १० टक्के दराने चार वर्षांसाठी ५ टक्क्यांच्या रकान्यातली आठवी ओळ पाहावी; तिथे ०.६७७ आहे.