पाण्याच्या पंपाचा वीजखर्च कसा काढायचा? एचपी, तास आणि दर यांचा सोपा हिशोब

मालवणकडे घराला लागूनच माड-पोफळीची बाग असते आणि विहिरीवरचा पंप बऱ्याचदा घरच्याच मीटरवर चालतो. पंप रोज किती रुपये खातो, हे मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत काढता येतं. समजा पंप २ एचपीचा आहे आणि उन्हाळ्यात रोज २ तास चालतो, म्हणजे महिन्याला ६० तास.

आधी युनिट काढा

१ एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. पण मोटरवर लिहिलेला एचपी म्हणजे मोटर बाहेर देते ती ताकद. आत घेतलेली वीज त्यापेक्षा जास्त असते, कारण काही वीज उष्णतेत जाते. छोट्या सिंगल फेज मोटरची कार्यक्षमता साधारण ७५ टक्के धरा.

```
युनिट = एचपी × ०.७४६ × तास ÷ कार्यक्षमता
२ × ०.७४६ × ६० ÷ ०.७५ = सुमारे १२०
```

०.७५ ने भागायचं विसरलात तर उत्तर ९० युनिटच येईल. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

आता दर लावा

घरगुती वीजदर टप्प्यांत असतो: १०० युनिटपर्यंत कमी, १०१ ते ३०० ला बराच जास्त. हिशोबापुरता वहन आकार धरून पहिला दर ६ रुपये आणि दुसरा १२ रुपये समजू. खरे दर तुमच्या बिलावर बघा.

घरात पंपाशिवाय ८० युनिट जळतात असं धरू. मग पंपाचे पहिले २० युनिट ६ रुपयांनी, म्हणजे १२० रुपये. उरलेले १०० युनिट १२ रुपयांनी, म्हणजे १२०० रुपये. एकूण १३२०. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं की सुमारे १५३० रुपये. ९० युनिट गुणिले ६ असा कच्चा हिशोब केला असता तर ५४० रुपयेच आले असते!

उत्तर बरोबर आहे का?

घरातलं बाकी सगळं बंद करा, मीटरवरच्या kWh आकड्याचा फोटो काढा, तासभर पंप चालवा आणि पुन्हा फोटो काढा. फरक २ च्या आसपास हवा. फरक तेवढाच आहे, पण टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय? मग विहिरीतली पातळी आणि फूटव्हॉल्व्ह तपासा. पाणी कमी येत असेल तर तास वाढतात, आणि तासांबरोबर बिलही.

शेतीचं वेगळं कनेक्शन असेल तर

महाराष्ट्रात ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ मोफत वीज योजना लागू आहे. पण ती कृषी जोडणीसाठी आहे. घरच्या मीटरवरच्या पंपाला मिळत नाही, तिथे वरचाच हिशोब चालतो.