पतंगाचा चौथा ग्रह

नाशिकच्या पंचवटीत पाराशरी रीतीने मांडलेल्या पत्रिकेत पतंग वा गूढ आयत शोधू गेल्यास सापडावयाचा नाही. त्या रीतीत पाचव्या-नवव्या स्थानी पूर्ण दृष्टी एकट्या गुरूची. अंशांवरून दृष्टियोग ठरविण्याची रीत आपल्याकडे अरबी-फारसी ज्योतिषातून ताजिकाच्या रूपाने आली. विदर्भातील घराण्यात जन्मलेल्या नीलकंठ दैवज्ञांनी १५८७ मध्ये ती ग्रंथबद्ध केली.

मेष, सिंह व धनु यांच्या १०व्या अंशावर तीन ग्रह असले, म्हणजे महात्रिकोण होतो. पाश्चात्त्य ज्योतिषी त्यात आयते लाभलेले गुण पाहतात, आणि आळसही. कुंभेच्या १०व्या अंशावर चौथा ग्रह आला, की तो सिंहेतील ग्रहासमोर व उरलेल्या दोघांपासून ६० अंशांवर उभा राहतो. हाच पतंग, समोरासमोरची ओढ गुणांना श्रमास लावते, असे फल सांगतात. धनूतील ग्रह तुळेच्या १०व्या अंशावर कल्पिला, तर गूढ आयत होतो. त्यात अशा ओढी दोन, म्हणून आयत्या देणगीपेक्षा तोल राखण्याचे कष्ट अधिक.

मात्र नुसत्या राशी मोजून भागत नाही. चंद्र सिंहेच्या २ऱ्या अंशावर व शनि कुंभेच्या २८व्या अंशावर असेल, तर प्रतियोग २६ अंशांनी हुकतो. ताजिकात चंद्राचे दीप्तांश १२, शनीचे ९. त्यांच्या बेरजेचे निम्मे साडेदहा. म्हणजे पतंगाचा कणाच मोडला. मग त्यावरून सांगितलेले फलही निराधार होय.