नागपूर विमानतळावर कुठला कागद दाखवायचा? ओसीआय, ग्रीन कार्ड अन् विदेशी पासपोर्टवाल्यांसाठी सविस्तर माहिती

नागपूर : दिवाळीला किंवा लग्नसराईत अमेरिकेहून, आखातातून घरी येणारी माणसं आता जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आहेत. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून दोहा आणि शारजासाठी थेट विमानसेवा सुरू झाल्यापासून अनेकांचा मुंबई-दिल्लीचा फेराही वाचला. पण एकाच घरातल्या चार जणांकडे चार प्रकारचे कागद असतात आणि काउंटरवर गोंधळ होतो तो इथंच. तिकीट हातात असूनही विमानात बसू न देण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे जो कागद सोबत हवा, तो घरी कपाटात राहिलेला असणं.

आधी एक गैरसमज दूर करू

‘आमच्या पोराकडे दोन पासपोर्ट आहेत, एक इंडियाचा, एक अमेरिकेचा’ असं पारावर सहज बोललं जातं. भारताच्या कायद्यात हे बसत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे भारतीय माणसानं स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं, की त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज किंवा आदेश लागत नाही. भारतीय पासपोर्टवर मुदत आणखी सहा वर्षांची छापलेली असली, तरी त्या दिवसापासून तो प्रवासाला चालत नाही. तो भारतीय वकिलातीमार्फत जमा करायचा असतो. तिथून तो रद्द केल्याचा शिक्का मारून परत मिळतो आणि सोबत सरेंडर सर्टिफिकेट मिळतं. हे सर्टिफिकेट सांभाळून ठेवावं, ओसीआय कार्डाच्या अर्जाला ते लागतं.

जुना पासपोर्ट जमा न करता त्यावरच येणं-जाणं सुरू ठेवलं, तर पुढं कधी ना कधी ते उघड होतं आणि दंड बसतो. नागरिकत्व लपवून नवीन भारतीय पासपोर्ट काढला तर मामला फौजदारीत जातो. पासपोर्ट कायद्यात त्यासाठी एक ते पाच वर्षे कैद आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंड सांगितला आहे.

मग ‘दोन कागद’ म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे त्याच्या दोनच जोड्या दिसतात. पहिली, विदेशी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड. दुसरी, भारतीय पासपोर्ट आणि बाहेर देशाचं राहण्याचं कार्ड, म्हणजे अमेरिकेचं ग्रीन कार्ड, दुबई-शारजाचा एमिरेट्स आयडी वगैरे. दोन्ही जोड्यांचे नियम एकमेकांच्या उलट चालतात, म्हणून नीट समजून घ्यावं लागतं.

एका घराचं उदाहरण

समजा, काटोल तालुक्यातलं एक संत्रा बागायतदार घर आहे. मुलगा शिकागोला नोकरीला. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. सुनेनं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, तिच्याकडे अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय. नातू तिथंच जन्मला, म्हणून तोही अमेरिकी नागरिक, त्याच्याकडेही पासपोर्ट आणि ओसीआय. आईकडेही भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, ती वर्षातले काही महिने तिकडे अन् बाकी काटोलला. चौघंही शिकागोहून दोहामार्गे नागपूरला निघाले.

शिकागोला विमान कंपनीच्या काउंटरवर एकच गोष्ट पाहतात, हा माणूस भारतात उतरू शकतो का? उतरू शकला नाही तर त्याला परत आणण्याचा खर्च कंपनीवर पडतो, म्हणून तिथली तपासणी कडक असते. मुलगा आणि आई यांनी नुसता भारतीय पासपोर्ट दाखवला तरी पुरतं, भारतीयाला भारतात यायला व्हिसा लागत नाही. सून आणि नातवानं मात्र अमेरिकी पासपोर्टसोबत ओसीआय कार्ड दाखवायचं. ते अस्सल हवं. मोबाईलमधला फोटो किंवा झेरॉक्स दाखवून काम होईल या भरवशावर निघू नये. अमेरिकेतून निघताना आपल्यासारखा बाहेर पडण्याचा इमिग्रेशन शिक्का नसतो, त्यामुळे तिथं हीच एक मोठी तपासणी.

दोहाला फक्त विमान बदलायचं असेल, विमानतळाबाहेर पडायचं नसेल, तर कतारच्या इमिग्रेशनकडे जावं लागत नाही. पण नागपूरच्या विमानाच्या गेटवर कागद पुन्हा मागतात. म्हणून ओसीआय चेक-इनच्या बॅगेत टाकू नये. बॅग पोटात गेली, की ती थेट नागपूरच्या पट्ट्यावरच दिसते.

नागपूरला उतरल्यावर मुलगा आणि आई भारतीय पासपोर्ट देतात, ग्रीन कार्ड काढायची गरजच नाही. सून आणि नातू पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही देतात. शिक्का अमेरिकी पासपोर्टवर बसतो. सुनेकडे जुना, रद्द झालेला भारतीय पासपोर्ट असेल तर तो इथं पुढं करू नये. तो पुरावा म्हणून जवळ ठेवायचा, प्रवासाचा कागद म्हणून नाही.

हेच कुटुंब मुंबई किंवा दिल्लीमार्गे आलं असतं, तर इमिग्रेशन आणि कस्टम तिथंच झालं असतं. बॅगाही तिथंच उचलून पुन्हा द्याव्या लागल्या असत्या. मग नागपूरचं विमान हे देशांतर्गत प्रवासात मोडतं, तिथं ओळखपत्र म्हणून प्रत्येकानं आपला चालू पासपोर्ट दाखवला की झालं.

परतीला गाडी उलटी फिरते. आता नागपूरच्या काउंटरवर कंपनी पाहते, की हा अमेरिकेत उतरू शकतो का? त्यामुळे जे ग्रीन कार्ड येताना खिशात राहिलं तेच आता भारतीय पासपोर्टसोबत काढावं लागतं. ते नसेल तर मुलगा आणि आई यांना बोर्डिंग पास मिळणार नाही. सुनेला आणि नातवाला अमेरिकेसाठी अमेरिकी पासपोर्ट पुरतो, पण भारताच्या इमिग्रेशनला पासपोर्ट आणि ओसीआय पुन्हा दाखवावं लागतं. ज्या पासपोर्टवर आत आलात, त्याच पासपोर्टवर बाहेर जायचं, मधेच बदलायचा नाही. शिकागोला उतरल्यावर मुलगा आणि आई भारतीय पासपोर्ट व ग्रीन कार्ड देतात, सून-नातू नुसता अमेरिकी पासपोर्ट.

शारजाला कामाला जाणाऱ्यांचंही असंच. पूर्वी पासपोर्टवर रेसिडेन्सचं स्टिकर असायचं. अमिरातीनं २०२२ पासून ते चिकटवणं बंद केलं, आता एमिरेट्स आयडी हाच राहण्याचा पुरावा आहे. सुट्टीवर गावी येताना तो तिथल्या खोलीत विसरला, तर परत जाताना नागपूरच्या काउंटरवर अडचण ठरलेली.

आईचं ग्रीन कार्ड अन् बागेचा हंगाम

सगळ्यात महागात पडणारी चूक तरुणांकडून नाही, वडीलधाऱ्यांकडून होते. आई काटोलला आली. आंबिया बहार झाला, मग मृग बहाराचं पाहू म्हणता म्हणता तेरा महिने झाले. कार्डावर मुदत २०३० ची छापलेली, म्हणून सगळे निवांत. पण ग्रीन कार्डावरची तारीख ही फक्त कार्डाची मुदत आहे. सलग एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिलं, तर ते कार्ड परत प्रवेशासाठी चालत नाही. मग वकिलातीत जाऊन परतणाऱ्या रहिवाशाचा खास व्हिसा मागावा लागतो आणि उशीर आपल्या हातात नव्हता हे पटवावं लागतं. बागेचं काम होतं, हे कारण तिथं फारसं टिकत नाही.

जास्त दिवस राहायचं आधीच ठरलं असेल तर ‘री-एंट्री परमिट’ काढता येतं, ते साधारण दोन वर्षांपर्यंत चालतं. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, काटोलला बसून नाही. सहा महिन्यांच्या वर राहून गेलं तरी तिथले अधिकारी प्रश्न विचारू शकतात, तेव्हा घरच्यांनी तारखा वहीत लिहून ठेवलेल्या बऱ्या.

ओसीआयवर जुना नंबर, नवीन नाव

ओसीआय कार्ड आयुष्यभराचं असलं तरी त्यावर ते काढलं तेव्हाच्या पासपोर्टचा नंबर असतो. लहान मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचाच असल्यानं नातवाचा नंबर लवकर बदलतो. पूर्वी वीस वर्षांपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टला नवं कार्ड काढावं लागे. २०२१ मध्ये हे सोपं झालं. आता वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टची प्रत आणि फोटो ociservices.gov.in वर तीन महिन्यांच्या आत चढवायचे, त्याला पैसे लागत नाहीत. वीस पूर्ण झाल्यावर पासपोर्ट निघाला की एकदा नवं कार्ड. पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट निघाला की एकदा फक्त कागद चढवायचे. जुना पासपोर्ट सोबत बाळगायची अटही २०२१ मध्येच काढून टाकली.

नावाचं मात्र जपून. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असं तीन ठिकाणी नाव असतं. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. सुनेचं ओसीआय माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं आणि तिकीट तिसऱ्याच पद्धतीनं, असं झालं की काउंटरवरचा माणूस थांबतो. तिकीट नेहमी पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच काढावं आणि नाव कायमचं बदललं असेल तर ओसीआयसुद्धा नव्या नावानं करून घ्यावं.

ओसीआय अजून झालंच नसेल तर विदेशी पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतो. ई-व्हिसावर उतरता येणाऱ्या विमानतळांच्या यादीत नागपूर आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

उतरल्यावर कार्डाचा उपयोग

पेंच किंवा ताडोबाला जायचं ठरलं तर ओसीआय सोबत न्यावं. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांच्या प्रवेश शुल्कात ओसीआयवाल्याला भारतीयांसारखाच दर लावावा, असं केंद्राच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत आहे. मात्र या कार्डानं मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारसानं नावावर येऊ शकते, पण शेजारचे दोन एकर नातवाच्या नावानं घेऊ म्हटलं तर ते जमणार नाही. सौदा करण्याआधीच हे पाहावं, इसार दिल्यावर नाही.

आणि गावात असताना विदेशी पासपोर्ट हरवला तर? आधी पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यायची. मग त्या देशाच्या वकिलातीतून नवा किंवा तातडीचा पासपोर्ट, अमेरिकेसाठी मुंबईतली वकिलात. त्यानंतर indianfrro.gov.in वर बाहेर पडण्याच्या परवानगीचा अर्ज. याला दिवस लागतात, म्हणून परतीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी सुरुवात करावी. पासपोर्ट, ओसीआय आणि ग्रीन कार्ड यांचे दोन्ही बाजूंचे फोटो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनमध्ये असतील, तर प्रवासाला ते चालत नसले तरी तक्रारीत आणि अर्जात नंबर भरताना कामी येतात.