नखाखालील काळी रेघ

नखाखाली दिसणारा काळा रंग बहुधा साकळलेल्या रक्ताचा किंवा मेलॅनिन या रंगद्रव्याचा असतो. दाराच्या फटीत बोट चेमटल्यावर साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढते; म्हणून डागाच्या मागच्या कडेपाशी नखावर बारीक ओरखडा करून ठेवावा. महिन्याभरात डाग आणि ओरखडा दोन्ही पुढे गेले आणि मागे स्वच्छ नख उगवले, तर ते बहुधा रक्तच.

रंगद्रव्याची रेघ मात्र नखाच्या मुळातील पेशींतून सतत तयार होते, त्यामुळे ती मुळापासून टोकापर्यंत उभी राहते आणि सरकून जात नाही. सावळ्या वर्णाच्या प्रौढांत अनेक नखांवर अशा फिकट, सरळ रेघा असणे सामान्य आहे. प्रौढ वयात एकाच नखावर, विशेषतः अंगठ्यावर, नवी रेघ उमटली, ती ३ मिमीपेक्षा रुंद झाली, मुळाशी अधिक रुंद दिसू लागली किंवा नख चिरू लागले, तर मेलॅनोमा या कर्करोगाची शंका घ्यावी. काळेपणा नखाभोवतीच्या त्वचेवर पसरणे हे अधिक गंभीर लक्षण. त्याला हचिन्सनचे चिन्ह म्हणतात.

मार लागल्याची आठवण फसवी ठरू शकते, कारण गाठीतूनही रक्त येते. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा मेलॅनोमा १९७७ मध्ये फुटबॉलच्या दुखापतीनंतर निदर्शनास आला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. पक्के निदान नखाच्या मुळातील तुकडा तपासूनच होते.