रस्त्याची नियमित रेषा आणि आक्रसणारा भूखंड

मुंबईच्या जुन्या वस्तीत एखाद्या रस्त्यावर उभे राहून इमारतींच्या दर्शनी भिंती पाहा. एक पुढे, शेजारची दहा फूट मागे, तिसरी पुन्हा पुढे. हा बेशिस्तपणा नाही. बराचसा 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचा परिणाम आहे.

या कायद्याच्या कलम 297 नुसार महापालिका आयुक्त रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ‘नियमित रेषा’ ठरवू शकतो. ही रेषा बहुधा नकाशावरच राहते. तिच्या आत आलेली इमारत लगेच पाडली जात नाही. मालक ती नव्याने बांधू लागला, किंवा जमिनीवरचा तिचा निम्म्याहून अधिक भाग उतरवला गेला, की कलम 298 लागू होते आणि इमारत मागे घ्यावी लागते. हे ‘निम्मे’ घनफुटांत मोजायचे असते! सुटलेली जमीन रस्त्यात जाते आणि तिची भरपाई मिळते. म्हणून रुंदीकरण एकेक इमारत करत, पिढ्यान्‌पिढ्या चालते. पुनर्बांधणीऐवजी डागडुजी करत राहण्याचा मोह मालकाला का होतो, हेही यातून कळेल.

1896 च्या प्लेगनंतर एवढा धीर धरणे सरकारला परवडणारे नव्हते. 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसाठी जमिनी एकगठ्ठा संपादन केल्या. तो मार्ग वेगवान, पण महागडा होता आणि त्यात माणसे विस्थापित झाली. इतरत्र नियमित रेषेचीच संथ पद्धत उरली.

आता आकडेमोड करू. समजा, भूखंडाची रस्त्यालगतची रुंदी 12 मीटर आणि खोली 20 मीटर आहे, म्हणजे क्षेत्र 240 चौ.मी. समोरचा रस्ता 6 मीटरचा असून तो 12 मीटर करायचा आहे. दोन्ही बाजूंनी 3-3 मीटर जातील. सामासिक अंतरे समजा पुढे व मागे 3 मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर.

रुंदीकरण नसते तर बांधकामाला 9 × 14, म्हणजे 126 चौ.मी. जागा मिळाली असती. रुंदीकरणानंतर खोली 17 मीटर उरते आणि पुढचे अंतर जुन्या कुंपणापासून नव्हे, नव्या रेषेपासून मोजायचे असते. उरतात 9 × 11, म्हणजे 99 चौ.मी. जमीन 15 टक्के गेली, बांधण्याजोगी जागा मात्र 21 टक्क्यांहून अधिक. विद्यार्थी नेमके येथेच चुकतात. दोन्ही टक्केवाऱ्या एकच धरतात.

मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याला दिलेल्या जमिनीचे चटईक्षेत्र, रोख भरपाईऐवजी, उरलेल्या भूखंडावर वापरण्याची सोय होती. आपल्या उदाहरणात चटई क्षेत्र निर्देशांक 1 धरला, तर 240 चौ.मी.चा हक्क शाबूत राहतो. पूर्वी तो दोन मजल्यांत बसला असता. आता दोन मजल्यांत 198 चौ.मी.च मावतात, म्हणून तिसरा मजला आला. उंची वाढली की बाजूची व मागची अंतरेही वाढू शकतात आणि 99 चा आकडा आणखी खाली येतो.