ऑनलाइन कुर्ता-पायजमा आणि अबाया मागवताना : लेबलवरचा नंबर आणि आपलं माप

ईद आली की घरोघरी मोबाइलवर कपडे मागवले जातात आणि निम्म्या घरांत एकच वाद होतो, "नंबर तर बरोबर टाकला होता, मग तंग कसा?" गेल्या वर्षी आमच्या घरातही हेच झालं. अब्बांच्या छातीचं माप ४० इंच, म्हणून ४० नंबरचा, एम साइझचा कुर्ता मागवला. घालून उभे राहिले तेव्हा ठीक वाटला. सजद्यात गेले आणि पाठीत कापड ताणलं, काखेत शिवण उसवायला आली.

चूक नंबरात नव्हती, नंबराच्या अर्थात होती. लेबलवरचा ४० दोन प्रकारे लिहिला जातो. काही कंपन्या तो अंगाच्या मापाचा लिहितात, म्हणजे ४० इंच छातीच्या माणसासाठी. तो कुर्ता स्वतः ४४ इंचांच्या आसपास असतो, कारण हात हलवायला, बसायला-उठायला चारेक इंच लूज ठेवावं लागतं. काही कंपन्या मात्र शिवलेल्या कपड्याचंच माप लिहितात. तिथे ४० म्हणजे कुर्ताच ४० इंच. अब्बांचा कुर्ता या दुसऱ्या प्रकारातला निघाला.

म्हणून आधी तक्त्याचं शीर्षक वाचा. "बॉडी" किंवा "टू फिट" असेल तर अंगाचं माप, "गारमेंट" असेल तर कपड्याचं. पुरुषांच्या कुर्त्यासाठी साधारण हिशोब असा धरा (सर्व मापं इंचांत) :

| लेबल | अंगाची छाती | कुर्त्याची छाती | अंगाची कंबर |
|---|---|---|---|
| एस, ३८ | ३७–३८ | ४२ | ३२ |
| एम, ४० | ३९–४० | ४४ | ३४ |
| एल, ४२ | ४१–४२ | ४६ | ३६ |
| एक्सएल, ४४ | ४३–४४ | ४८ | ३८ |

पोट पुढे असेल तर कंबर छातीपेक्षा मोठी ठरते. अशा वेळी कंबरेच्या ओळीतला नंबर घ्यावा, नाहीतर कुर्त्याचे खालचे चाक उघडे पडतात. बायकांच्या कुर्तीला हा तक्ता लावू नका. तिथे एम बहुतेकदा ३८ असतो, ४० नव्हे.

अंगाचं माप घेताना टेप काखेखालून, छातीच्या सर्वांत रुंद भागावरून, पाठीमागे सरळ न्यावी. श्वास रोखू नये. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे घरातला नीट बसणारा कुर्ता. तो जमिनीवर पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. अब्बांचा जुना कुर्ता २२ इंच भरला, म्हणजे ४४. त्या कंपनीच्या कपड्याच्या तक्त्यात ४४ समोर एक्सएल लिहिलं होतं. एकाच माणसाला एका दुकानात एम लागतो, दुसरीकडे एक्सएल. बदलून घेतलेला एक्सएल नीट बसला.

पायजम्यात नाडा किंवा इलास्टिक असल्यामुळे कंबर दोन इंच इकडेतिकडे चालते. पाहायचं ते नाडा पूर्ण मोकळा केल्यावर घेर किती होतो. तो सीटच्या सर्वांत रुंद मापापेक्षा जास्त हवा, नाहीतर पायजमा वर चढतच नाही. लांबी कंबरेपासून घोट्यापर्यंत घ्यावी.

अबाया आणि बुरख्याचा नंबर मात्र वेगळाच आहे. ५४ किंवा ५६ हा आकडा छातीचा नाही, लांबीचा आहे. मानेजवळच्या खांद्याच्या टोकापासून खालच्या काठापर्यंत.

| लेबल | लांबी, इंच | लांबी, सेंमी |
|---|---|---|
| ५२ | ५२ | १३२ |
| ५४ | ५४ | १३७ |
| ५६ | ५६ | १४२ |
| ५८ | ५८ | १४७ |
| ६० | ६० | १५२ |

उंचीवरून अंदाज लावण्यापेक्षा नेहमीची चप्पल घालून खांद्यापासून घोट्यापर्यंत टेप सोडा. कुणाकडून तरी मोजून घ्या, स्वतः वाकून पाहिलं की माप चुकतं. ५५ भरलं तर ५६ घेऊन काठ दुमडता येतो, ५४ वाढवता येत नाही. छातीचं माप तक्त्यात वेगळं पाहावंच लागतं. अंगभर माणसाने ५४ ऐवजी ५८ घेतला, तर लांबी चार इंच वाढेल, पण छातीत पुरेलच याची खात्री नाही.

शेवटचा मुद्दा सुती कापडाचा. आधी न आटवलेलं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. ४२ इंच लांबीचा कुर्ता त्या हिशोबाने सव्वा ते दोन इंच आखूड होतो. लेबलवर "प्री-श्रंक" नसेल तर लांबीत तेवढी सोय ठेवा, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत कपडा पाण्यात घालू नका. घालून, बसून आणि सजद्यात जाऊन पाहिल्याशिवाय टॅग काढू नका.