नोंद आणि जाहिरात: प्रस्तावना

कॅसलरॉकला गाडी थांबते ती मागे जादा इंजिनं जोडण्यासाठी किंवा सोडण्यासाठी. इथून कुळ्यापर्यंत सुमारे 26 किलोमीटरचा घाट आहे आणि त्याचा चढ 37 मीटरला 1 मीटर इतका उभा आहे. कंपन्यांवर कोशनोंदी लिहू पाहणाऱ्यांसाठी तयार केलेल्या या पुस्तकाची सुरुवात हा घाट बांधणाऱ्या कंपनीपासून करतो. कंपनी कधीच इतिहासजमा झाली आहे, त्यामुळे तिच्या मजकुरावर कात्री चालवली तरी कोणाचा रोष ओढवणार नाही.

समजा, वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेबद्दल आपल्या हाती असा मजकूर आला (तो मीच रचला आहे, पण असले मजकूर रोज येतात): ‘गोवा आणि दख्खन यांना जोडण्याचे स्वप्न साकार करणारी ही अग्रगण्य कंपनी. तिच्या दूरदर्शी संस्थापकांनी सह्याद्रीच्या दुर्गम कुशीत अभियांत्रिकीचा चमत्कार घडवला व गोव्याच्या भरभराटीचा पाया घातला. प्रवाशांचे समाधान हेच तिचे ब्रीद.’

नवा लेखक विशेषणं खोडायला धावतो. माझा सल्ला असा की आधी प्रत्येक वाक्यात दुसऱ्या एखाद्या कंपनीचं नाव घालून पाहावं. ‘प्रवाशांचे समाधान हेच ब्रीद’ हे कुठल्याही बससेवेलाही चालतं, म्हणजे ते या कंपनीबद्दल काहीच सांगत नाही. ते वाक्य जाऊ द्यावं. ‘अग्रगण्य’ कोणाच्या मते आणि कशात, याला उत्तर नसेल तर त्याचीही तीच गत. ‘दूरदर्शी संस्थापक’ मात्र नुसते खोडू नयेत. त्या जागी कंपनी 1881 मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली, एवढं लिहावं. ‘चमत्कारा’च्या जागी घाटाची लांबी आणि चढ द्यावा. 37 ला 1 हा आकडा वाचल्यावर रेल्वेची जाण असलेला वाचक स्वतःच थबकतो, त्याला थबकायला सांगावं लागत नाही.

उलटी चूकही होते. कंपनीच्या पूर्ण नावात ‘गॅरंटीड’ असा शब्द होता. तो भपका समजून गाळला, तर नोंदीचा कणाच गेला. भागभांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने दिली होती, आणि तो शब्द त्या कराराचा होता. म्हणून स्तुतीसारखं दिसणारं सगळंच स्तुती नसतं. खोडण्याआधी कागद पाहावा.

सगळ्यात अवघड वाक्य भरभराटीचं आहे. त्यात परिणामाचा दावा आहे, आणि असा दावा कंपनीच्या तोंडून घ्यायचा नसतो. स्थापनेचं वर्ष, भांडवल, मार्गाची लांबी यांसाठी कंपनीचे स्वतःचे कागद चालतात. यशापयशासाठी बाहेरचा साक्षीदार लागतो. इथे तो शोधायला गेलं की मजकुराने काय वगळलं ते दिसतं. मार्गाची पार्श्वभूमी होती 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज करार. त्याने दोन्ही हद्दींतला व्यापार जकातीतून मोकळा केला, पण मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला. हा करार 1892 मध्ये संपला. मालवाहतूक अपेक्षेइतकी झाली नाही आणि हमीचं व्याज पोर्तुगीज तिजोरीला सोसावं लागलं. एकही विशेषण न वापरता, केवळ हे न सांगूनही जाहिरात करता येते.

आता नोंद अशी होईल: ‘मुरगाव ते कॅसलरॉक हा मीटरगेज लोहमार्ग बांधणारी कंपनी. स्थापना लंडन, 1881. भांडवलावरील व्याजास पोर्तुगीज सरकारची हमी होती. मार्ग 1888 मध्ये पूर्ण झाला व कॅसलरॉक येथे ब्रिटिश हद्दीतील सदर्न मराठा रेल्वेला मिळाला. कुळें–कॅसलरॉक घाटाचा चढ 37 ला 1 आहे. वाहतूक अपेक्षेपेक्षा कमी राहिल्याने हमीचा भार पोर्तुगीज सरकारवर पडला.’

हा मजकूर रुक्ष आहे का? थोडा आहे, आणि मला त्याची खंत नाही. पण शेवटचं वाक्य ‘फसलेली कंपनी’ असं केलं असतं, तर आपण जाहिरातीच्या जागी टोमणा बसवला असता. मार्ग तर आजही चालू आहे.

जाहिरात हे पाप आहे असं मात्र समजू नये. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी स्वतःच मर्यादित कंपनी काढली आणि ग्राहक मिळवण्यासाठी गावोगाव पायपीट केली. विकताना एक भाषा आणि कोशात दुसरी, एवढाच भेद पाळायचा आहे.

पुढच्या प्रकरणांत साखर कारखाने, सहकारी बँका आणि औषधकंपन्या येतील. त्या चालू स्थितीतल्या कंपन्या आहेत; त्यांचे जनसंपर्क अधिकारीही मजकूर पाठवतात, आणि तिथे कात्री चालवणं कॅसलरॉकइतकं सोपं नाही. प्रकरण वाचण्याआधी मूळ मजकुरावर स्वतः पेन्सिल चालवून पाहा, मग आमची दुरुस्ती उघडा. आमची खोडाखोड चुकीची वाटली तर तसं जरूर कळवा.